पीक कापणीच्या थोड्या नोंदींत फटकून असलेला आकडा कसा ओळखावा

गावातील एखाद्या पिकाचे उत्पन्न अजमाविण्यासाठी निवडक शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापावयाचे, त्याची मळणी व उफणणी करून स्वच्छ दाण्याचे वजन घ्यावयाचे, ही रीत आता सर्वांच्या परिचयाची आहे. अशा कापण्या एका गावात फार होत नाहीत. आठ-दहा वजने हाती येतात आणि त्यांवरून दोन गोष्टी सांगावयाच्या असतात. पहिली, साधारण उत्पन्न किती. आणि दुसरी, शेताशेतांमध्ये फरक किती. पहिल्या गोष्टीसाठी सर्वजण सरासरी काढतात. दुसरी गोष्ट बहुधा सांगितलीच जात नाही, किंवा सांगितली तर अशा मापाने सांगितली जाते की, एकच वेडावाकडा आकडा ते माप निकामी करून टाकतो. हे दुसरे माप कसे काढावे आणि त्याच्या साहाय्याने संशयास्पद नोंद कशी ओळखावी, हे येथे एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका गावात रब्बी ज्वारीच्या नऊ शेतांत प्रत्येकी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा कापला. दाण्याची वजने नोंदवहीत किलोग्रॅममध्ये शेतांच्या क्रमाने अशी लिहिली आहेत:

४.९, ५.३, ४.४, ५१.०, ५.०, १.२, ५.६, ४.६, ५.२

तुकड्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर, म्हणजे हेक्टराचा दोनशेवा भाग. म्हणून तुकड्यातील १ किलोग्रॅम म्हणजे हेक्टरी २ क्विंटल, असा सोपा हिशेब लक्षात ठेवावा.

ह्या नऊ आकड्यांची बेरीज ८७.२ आणि सरासरी ९.६९ किलोग्रॅम येते. म्हणजे हेक्टरी १९ क्विंटलांहून अधिक. आता नोंदी पुन्हा पाहाव्यात. नऊपैकी आठ शेतांत ६ किलोग्रॅमसुद्धा दाणा निघालेला नाही, आणि सरासरी मात्र साडेनऊच्या वर! गावातील एकाही शेतकऱ्याच्या शेताला लागू न पडणारा हा आकडा एकट्या ५१.० ने घडविला आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, ५१.० चूक आहे हे डोळ्यांनाच दिसते, त्यासाठी गणित कशाला हवे? हा आक्षेप ५१.० पुरता खरा आहे. परंतु १.२ चे काय करावयाचे? आणि एखाद्या शेतात ७.५ निघाले असते तर? येथे डोळ्यांचा निवाडा माणसागणिक बदलतो. पीक चांगले आले असे दाखविण्याची हौस असेल तर खालचा आकडा खोटा वाटू लागतो. नुकसानीची मदत मिळावी अशी इच्छा असेल तर वरचा आकडा डोळ्यांत खुपतो. पीक कापणीच्या आकड्यांवर विम्याच्या भरपाईचा हिशेब होतो, हे ध्यानात घेता ही गोष्ट लहान नाही. म्हणून खालच्या व वरच्या दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडेल, आणि आकडे पाहण्यापूर्वीच ठरलेली असेल, अशी एखादी कसोटी असणे इष्ट होय.

नेहमीची कसोटी येथे का चालत नाही

पुस्तकांतून बहुधा आढळणारी कसोटी प्रमाण विचलनाची आहे. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा, वर्गांची बेरीज नोंदींच्या संख्येपेक्षा एकाने कमी अशा संख्येने भागावयाची व येणाऱ्या उत्तराचे वर्गमूळ काढावयाचे. हे झाले प्रमाण विचलन. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपेक्षा दूर असलेला आकडा संशयास्पद समजावयाचा.

आपल्या नऊ आकड्यांचे प्रमाण विचलन १५.५५ किलोग्रॅम येते. त्याची तिप्पट ४६.६५. सरासरी ९.६९ मध्ये ती मिळविली तर वरची मर्यादा ५६.३४ होते. म्हणजे ५१.० हा आकडा मर्यादेच्या आतच बसला! खालची मर्यादा तर शून्याच्याही खाली उणे ३६.९६ एवढी जाते. धान्याचे वजन उणे कसे असेल? ज्या आकड्याला पकडावयाचे त्यानेच सरासरी आपल्याकडे ओढली आणि प्रमाण विचलनही फुगविले. अंतराचा वर्ग केल्यामुळे दूरच्या आकड्याचे वजन फारच वाढते. येथे वर्गांची बेरीज सुमारे १,९३४ आहे, आणि त्यांपैकी १,७०७ एकट्या ५१.० चे आहेत.

कोणास वाटेल की, ५१.० ऐवजी ५१० लिहिले असते तर तरी ही कसोटी जागी झाली असती. तसे होत नाही. नोंदींची संख्या नऊ असेल तर कोणताही आकडा सरासरीपासून २.६७ प्रमाण विचलनांपेक्षा दूर जाऊच शकत नाही, मग तो कितीही मोठा असो. नोंदींच्या संख्येतून एक वजा करून त्या संख्येच्या वर्गमूळाने भागले की ही कमाल मर्यादा मिळते. नऊसाठी ८ भागिले ३ म्हणजे २.६७, दहासाठी २.८५. अकरा नोंदी झाल्यावर ती प्रथमच तीनच्या किंचित वर जाते. सारांश, दहा किंवा त्यांहून कमी नोंदी असताना ‘तीन प्रमाण विचलनां’ची कसोटी लावणे म्हणजे जे कधीच वाजणार नाही अशा घंटेवर राखण सोपविणे होय. आणि गावपातळीवर आपल्या नोंदी बहुधा दहाच्या आतच असतात.

मध्यक आणि मध्यकापासूनची अंतरे

दुसरा मार्ग सोपा आहे व त्यात वर्ग, वर्गमूळ काहीच नाही. प्रथम आकडे चढत्या क्रमाने मांडावेत:

१.२, ४.४, ४.६, ४.९, ५.०, ५.२, ५.३, ५.६, ५१.०

मधोमध असलेला, म्हणजे दोन्ही टोकांकडून पाचवा आकडा ५.० आहे. ह्याला मध्यक म्हणतात. नोंदी सम संख्येत असतील तर मधल्या दोन आकड्यांची सरासरी घ्यावी. मध्यक ५.० म्हणजे हेक्टरी १० क्विंटल. आणि हा आकडा गावातील बहुतेक शेतकऱ्यांना आपला वाटेल.

आता प्रत्येक आकडा मध्यकापासून किती दूर आहे ते लिहावे. वर की खाली हे पाहू नये, केवळ अंतर घ्यावे. वरील क्रमाने ती अंतरे अशी आहेत: ३.८, ०.६, ०.४, ०.१, ०, ०.२, ०.३, ०.६ आणि ४६.०. ही अंतरे पुन्हा चढत्या क्रमाने मांडावीत:

०, ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.६, ०.६, ३.८, ४६.०

ह्यांचाही पाचवा, मधला आकडा घ्यावा. तो ०.४ आहे. मध्यकापासूनच्या अंतरांचा हा मध्यक म्हणजेच मध्यक निरपेक्ष विचलन. ह्या लेखात त्याला थोडक्यात मध्यक-विचलन म्हणू. त्याचा अर्थ कोणाही शेतकऱ्यास सांगता येतो: निम्मी शेते मधल्या उत्पन्नापासून ०.४ किलोग्रॅमच्या आत आहेत व निम्मी त्याच्या बाहेर.

येथे ५१.० ऐवजी ५१० किंवा ५,१०० लिहून पाहावे. मध्यक ५.० च राहतो आणि मध्यक-विचलन ०.४ च राहते. टोकाचा आकडा टोकालाच राहतो. तो किती लांब गेला ह्याची मधल्या आकड्याला दादच नसते. नऊपैकी चार आकडे बिघडले तरी हे माप वाटेल तसे भरकटत नाही. पाचवा बिघडला म्हणजे मात्र त्याचा आधार सुटतो. हे माप तसे नवे नाही. गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने १८१६ साली त्याचा विचार केला होता. परंतु बिघडलेल्या आकड्यांना दाद न देणारे माप म्हणून ते पुढे आले ते मुख्यतः १९७४ मधील हॅम्पेल ह्यांच्या लेखानंतर.

मर्यादा ठरविण्यासाठी मध्यक-विचलनाला प्रथम १.४८२६ ने गुणतात. ह्या चमत्कारिक दिसणाऱ्या संख्येचे कारण असे की, आकडे घंटेच्या आकाराने, म्हणजे मधे दाट व दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत गेलेले असतील, तर त्यांतील निम्मे आकडे मध्यापासून ०.६७४५ प्रमाण विचलनाच्या आत असतात. आणि १ ला ०.६७४५ ने भागले की १.४८२६ येते. ह्या गुणाकाराने मध्यक-विचलन हे प्रमाण विचलनाच्या मापात येते. पुढे त्याची तिप्पट घ्यावयाची. शेतावरच्या कामासाठी दोन्ही गुणाकार एकत्र करून मध्यक-विचलनाची सरळ साडेचार पट घेतली तरी पुरे. तीनचा आकडा हा केवळ संकेत आहे. कोणी अडीच घेतात, कोणी साडेतीन. काय घ्यावयाचे ते नोंदी हाती येण्यापूर्वी ठरवावे, एवढेच पथ्य आहे.

आपल्या उदाहरणात ०.४ ची साडेचार पट १.८ होते. म्हणून मर्यादा ५.० उणे १.८ व अधिक १.८, म्हणजे ३.२ ते ६.८. ह्यांच्या बाहेर दोन आकडे पडतात, ५१.० आणि १.२.

बाहेर पडलेल्या आकड्यांचे काय करावे

येथे बहुतेक ठिकाणी घाई होते. मर्यादेबाहेरचा आकडा म्हणजे चुकीचा आकडा नव्हे. तो पुन्हा पाहावयास हवा, एवढेच ही रीत सांगते. का बाहेर पडला, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी मूळ चिठ्ठी काढावी लागते, आणि पुष्कळदा शेतावर जावे लागते.

५१.० चा निर्णय चिठ्ठीवरच होतो. ५० चौरस मीटरांत ५१ किलोग्रॅम म्हणजे हेक्टरी १०२ क्विंटल. कोरडवाहू रब्बी ज्वारीत असे उत्पन्न संभवत नाही. दहापटीने मोठा दिसणारा आकडा पाहिला की प्रथम दशांश चिन्हाचा संशय घ्यावा. समजा, वजनाच्या वेळी केलेल्या चिठ्ठीवर ५.१० असे लिहिलेले सापडले. नोंदवहीत उतरविताना चिन्ह एक घर सरकले, असे ठरले. मग नोंदवहीतील आकडा खरवडून न काढता त्यावर एकच रेघ मारावी, शेजारी ५.१ लिहावे आणि सही व तारीख घालावी. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

१.२ चा प्रश्न निराळा आहे. तुकडा दहा मीटरांऐवजी चुकून लहान आखला गेला काय? कणसांची दोन पोती होती व मळणी एकाचीच झाली काय? काट्याचे शून्य हलले होते काय? कापणीच्या वेळी हजर असलेल्या माणसांना विचारावे, खुंट्यांच्या खुणा शिल्लक असतील तर टेपने पुन्हा मोजाव्यात, धसकटांच्या ओळी पाहाव्यात. समजा, ह्या चौकशीत मोजमाप सर्व बिनचूक निघाले. पण शेत उताराचे, वीतभर मातीखाली मुरूम लागणारे, आणि कणसे भरण्याच्या वेळी ओल संपल्याने दाणा पोसला नाही, असे दिसून आले. शेजारच्या भारी काळ्या जमिनींत ओल टिकली, येथे टिकली नाही. अशा वेळी १.२ हा आकडा पूर्ण खरा आहे. तो काढून टाकण्याचा अधिकार कोणासही नाही. त्या शेताच्या धन्याचे पीक तेवढेच आले आहे.

दुरुस्तीनंतर पुन्हा हिशेब करू. ५१.० च्या जागी ५.१ घातले की मध्यक ५.० च राहतो. अंतरांचा मध्यक आता ०.३ येतो. मर्यादा ३.६५ ते ६.३५ होतात व १.२ अजूनही बाहेरच राहतो. प्रमाण विचलन आता १.३२ आणि सरासरी ४.५९ आहे, त्यांच्या कसोटीने खालची मर्यादा ०.६३ येते, म्हणजे दशांश चिन्हाची चूक सुधारल्यावरही जुन्या कसोटीला १.२ दिसला नसताच. शिवाय ‘शेताशेतांतील फरक १.३२ किलोग्रॅम’ असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होते. नऊपैकी आठ शेते मधल्या उत्पन्नापासून ०.६ किलोग्रॅमच्या आत आहेत. गावातील पीक सारखे आले आहे, एक शेत मात्र बुडाले आहे. ही वस्तुस्थिती ०.३ हा आकडा व त्याच्या जोडीला १.२ ची स्वतंत्र नोंद ह्यांतूनच उमटते.

परंतु एक सावधगिरी आवश्यक आहे. फरक मोजण्यासाठी मध्यक-विचलन वापरले म्हणून गावाचे एकूण उत्पादन मध्यकावरून काढावयाचे नाही. गावात ज्वारीचे क्षेत्र १०० हेक्टर धरले आणि ही नऊ शेते त्याचा योग्य नमुना असली, तर सरासरी ४.५९ वरून एकूण उत्पादन सुमारे ९१८ क्विंटल येते. मध्यकावरून काढले तर १,००० क्विंटल होते. वरचे ८२ क्विंटल कोणत्याही खळ्यावर आलेले नाहीत. बुडालेल्या शेताची तूट हिशेबातून गळाल्यामुळे ते कागदावर उगवले आहेत. १.२ काढून टाकून उरलेल्या आठांची सरासरी घेतली तरी फळ जवळपास तेच, १,००२ क्विंटल. म्हणून संशयित आकडा शोधण्यास व साधारण शेताचे चित्र सांगण्यास मध्यक व मध्यक-विचलन, आणि तपासून दुरुस्त केलेल्या सर्व नोंदींवरून एकूण उत्पादन काढण्यास सरासरी, अशी कामाची वाटणी ठेवावी.

ही रीत कोठे फसते

बागायत व कोरडवाहू शेते एकत्र करून हा हिशेब केला तर तो हमखास चुकीचे बोट दाखवितो. पाच कोरडवाहू शेतांत ४.६, ४.९, ५.०, ५.२, ५.३ आणि चार बागायत शेतांत ८.८, ९.१, ९.४, ९.७ किलोग्रॅम दाणा निघाला असे समजा. मध्यक ५.३, मध्यक-विचलन ०.७, आणि वरची मर्यादा ८.४५ येते. चारही बागायत शेते संशयित ठरली! वास्तविक त्यांत काहीच वावगे नाही. मध्यक बहुमताच्या बाजूला बसतो, आणि येथे बहुमत कोरडवाहूचे आहे. एकाच बाजूला एकाहून अधिक आकडे मर्यादेबाहेर पडले की, दोन वेगळ्या जातींची शेते एकत्र झाली नाहीत ना, हे प्रथम पाहावे व दोहोंचा हिशेब स्वतंत्र करावा.

दुसरी अडचण जाडसर काट्यामुळे येते. अर्ध्या किलोग्रॅमच्या खुणांचा काटा वापरला तर नऊपैकी पाच-सहा शेतांत नेमके ५.० लिहिले जाण्याचा संभव असतो. निम्म्याहून अधिक आकडे सारखेच झाले की अंतरांचा मध्यक शून्य येतो, शून्याची साडेचार पटही शून्यच, आणि मग ५.५ सुद्धा संशयित ठरतो. मध्यक-विचलन शून्य आले म्हणजे पिकात फरक नाही असे समजू नये. काटा बारीक फरक दाखवीत नाही असे समजावे. अशा नोंदींना ही कसोटी लावूच नये. शक्य असल्यास राखून ठेवलेला दाणा बारीक काट्यावर पुन्हा तोलावा.

नोंदी थोड्या असताना हे माप स्वतःही थोडे डळमळते, हे वर दिसलेच. एकच आकडा दुरुस्त केल्याबरोबर ते ०.४ चे ०.३ झाले. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावरच्या आकड्याविषयी फार ताठर राहू नये. आकडे निर्दोष असल्याची खात्री असेल तेथे प्रमाण विचलनच अधिक स्थिर असते. नोंदी पुष्कळ असतात तेथे तेवढीच स्थिरता मध्यक-विचलनातून मिळविण्यास सुमारे पावणेतीन पट नोंदी लागतात. नोंदी गढूळ असण्याची शक्यता असते म्हणूनच हा तोटा पत्करावयाचा.

आणि जी चूक सर्वच नोंदींत सारखी शिरली आहे ती ह्या रीतीने कधीच दिसत नाही. नऊही तुकड्यांत दाणा पुरेसा न वाळविता तोलला, तर नऊही वजने सारखीच फुगतील, मध्यकही त्यांच्याबरोबर वर जाईल आणि एकही आकडा बाहेर पडणार नाही. पां. वा. सुखात्मे ह्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले होते की, कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वाढीव दिसते, कारण दोरीवर आलेली ताटे आत धरण्याकडे कल होतो आणि तुकडा जितका लहान तितकी त्याच्या कडेची ताटे प्रमाणाने अधिक. अशी चूक आकड्यांच्या ओळीत शोधून सापडत नाही. ती दोरी ताणताना, आणि कडेचे ताट आत की बाहेर हे त्याच्या बुडख्यावरून ठरविताना, शेतातच टाळावी लागते.